रंग : गोरा, कांती : सावळी

१९३० च्या आसपासचा एक सरकारी कागद डोळ्यांसमोर आणा. सिसिलीतून अमेरिकेत आलेला एक मजूर तिथल्या नागरिकत्वासाठी पहिला अर्ज भरतो आहे. कारकून एकेक रकाना भरत जातो. रंग : गोरा. कांती : सावळी. वंश : इटालियन, दक्षिणेकडील. एकाच माणसाविषयीच्या या तीन नोंदी एका खाली एक बसतात आणि कारकुनाला त्यांत काही विसंगत वाटत नाही.

अशा अर्जांचे नमुने मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा मला वाटले की काहीतरी चूक आहे. मी पेशाने इतिहासकार नाही. नोकरी सांभाळून, मिळतील ती पुस्तके आणि न्यायालयीन निकाल वाचत शिकलेला माणूस. माझी समजूत अशी होती की गोरा हा एक वंश आणि काळा हा दुसरा, आणि अमेरिकेत भांडण होते ते या दोघांत. या कागदावर मात्र रंग ही एक गोष्ट होती, वंश ही दुसरी आणि प्रत्यक्षात दिसणारी कातडी ही तिसरी. पुढे वाचत गेलो तसे लक्षात आले की इटालियनांची सगळी कथाच या तीन रकान्यांमध्ये आहे. त्यांचा वंश संशयास्पद होता. पण ‘रंग’ या रकान्यातला ‘गोरा’ हा शब्द त्यांच्या हातून कधी गेला नाही, आणि पुढचे सारे त्या एका शब्दाच्या आधारावर घडले.

‘दक्षिण इटालियन’ नावाचा वंश

१८८० ते १९२० या चाळीस वर्षांत सुमारे चाळीस लाख इटालियन अमेरिकेत उतरले. त्यांतले बहुसंख्य नेपल्सच्या खालच्या भागातले आणि सिसिलीतले : भूमिहीन शेतमजूर, निरक्षर, कर्जात बुडालेले. १८९९ साली अमेरिकेच्या स्थलांतर खात्याने येणाऱ्यांची नोंद देशाप्रमाणे न ठेवता वंशाप्रमाणे ठेवायला सुरुवात केली. त्या यादीत इटालियन एक नव्हते, दोन होते. उत्तरेचे वेगळे आणि दक्षिणेचे वेगळे.

ही फाळणी अमेरिकेने शोधून काढलेली नव्हती. ती इटलीतूनच आयात झाली होती. अल्फ्रेदो निचेफोरो, ज्युसेप्पे सेर्जी या इटालियन मानववंशशास्त्रज्ञांनी कवट्यांची मापे घेऊन आपल्याच देशबांधवांना दोन वंशांत विभागले होते. उत्तरेचा इटालियन शिस्तीचा आणि उद्योगी, दक्षिणेचा भडक डोक्याचा आणि गुन्ह्याकडे झुकणारा, असा त्यांचा निष्कर्ष. इटलीचे एकीकरण नुकतेच झाले होते आणि दक्षिणेचे दारिद्र्य काही हटत नव्हते. त्याचा दोष जमीनदारीला आणि करांना देण्यापेक्षा रक्ताला देणे सोयीचे होते. अमेरिकी काँग्रेसने नेमलेल्या डिलिंगहॅम आयोगाने १९११ साली ४१ खंडांचा अहवाल दिला. त्यातला एक खंड म्हणजे वंशांचा कोशच होता, आणि त्यात या इटालियन विद्वानांचाच हवाला दिलेला आहे. घरच्यांनी दिलेले दूषण परक्यांनी प्रमाणपत्र म्हणून वापरले.

या वर्गीकरणाचे परिणाम कागदापुरते राहिले नाहीत. १८९० च्या ऑक्टोबरमध्ये न्यू ऑर्लिन्सच्या पोलीसप्रमुखाचा खून झाला. संशय सिसिलियनांवर गेला. नऊ जणांवर खटला चालला; सहा निर्दोष सुटले आणि तिघांबाबत ज्युरीचे एकमत झाले नाही. दुसऱ्या दिवशी, १४ मार्च १८९१ रोजी, जमावाने तुरुंग फोडून अकरा इटालियनांना ठार मारले. त्यांतल्या काहींवर तर खटला चाललेलाही नव्हता. जमावाचे म्होरके गावातले प्रतिष्ठित वकील आणि व्यापारी होते. कोणालाही शिक्षा झाली नाही.

आता इथे एक क्षण थांबायला हवे. अशा घटना वाचून ‘म्हणजे इटालियनांनाही काळ्यांसारखेच वागवले गेले’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि अनेक लोकप्रिय लेखांत तो काढलेलाही दिसतो. पण त्या अकरा जणांच्या मागे एक सरकार उभे होते. इटलीने वॉशिंग्टनमधून आपला राजदूत परत बोलावला. अमेरिकेला सुमारे २५ हजार डॉलरची भरपाई द्यावी लागली. पुढच्याच वर्षी, कोलंबसच्या प्रवासाला चारशे वर्षे झाली म्हणून राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी देशभर तो दिवस साजरा करण्याची घोषणा केली. त्याच काळात दक्षिणेत दरवर्षी शेकड्याच्या आसपास काळी माणसे अशीच मारली जात होती. त्यांच्यासाठी कोणी राजदूत परत बोलावत नव्हते.

अलाबामातला एक खटला

हा फरक नेमका समजून घ्यायचा तर १९२२ सालचा अलाबामा राज्यातला एक खटला पाहावा. जिम रोलिन्स या काळ्या माणसावर आरोप होता की त्याने एडिथ लाब्यू या गोऱ्या बाईशी संबंध ठेवले. अशा संबंधांना त्या राज्यात कायद्याने बंदी होती आणि तो तुरुंगवासाचा गुन्हा होता. खालच्या न्यायालयाने रोलिन्सला दोषी ठरवले. अपिलात निकाल फिरला. न्यायालयाचे एक कारण असे की, ही बाई गोरी असल्याचा पुरावाच सरकारपक्षाने दिलेला नाही. ती सिसिलीहून आली एवढे दाखवले, पण त्यावरून ती गोरीच आहे असे निर्णायकपणे म्हणता येत नाही.

या निकालाचा दाखला ‘इटालियन गोरे नव्हते’ हे सिद्ध करण्यासाठी फार वेळा दिला जातो. नीट वाचले तर तो तेवढे सांगत नाही. ती काळी आहे असेही न्यायालयाने म्हटलेले नाही. सिसिलियन असणे हा गोरेपणाचा पुरेसा पुरावा नाही, इतकेच त्याने म्हटले. आणि मुळात सरकारी वकिलाने खटला भरला तो ती गोरी आहे हे गृहीत धरूनच. म्हणजे संशय होता, पण त्या संशयाला एक तळ होता.

म्हणून एखादा गट खरोखर रेषेच्या कोणत्या बाजूला होता हे ठरवायचे असेल, तर वर्तमानपत्रांतल्या शिव्या मोजून भागत नाही. मी स्वतःपुरते तीन प्रश्न ठरवले आहेत. त्याला नागरिक होता येत होते का? मत देता येत होते का? आणि कायद्याने गोऱ्या मानलेल्या माणसाशी लग्न करता येत होते का? दक्षिण इटालियनांच्या बाबतीत तिन्हींचे उत्तर, एखादा अपवाद वगळता, ‘होय’ असे येते. दक्षिणेतल्या काळ्यांना १८६८ पासून नागरिकत्व होते, पण मत आणि लग्न या दोन्ही ठिकाणी दार बंद होते. आणि आशियाई माणसाला तर पहिलेच दार बंद होते.

दार कुठे बंद झाले

इथे आपला संबंध येतो. अमेरिकेचा १७९० चा कायदा म्हणत होता की ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्ती’लाच नागरिकत्व मिळेल. १८७० साली त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. बाकी साऱ्यांना न्यायालयात जाऊन आपण गोरे आहोत हे सिद्ध करावे लागे. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांनी ते १९०९ साली सिद्ध केले आणि १९१० साली वरच्या न्यायालयानेही ते मान्य केले. पण हा रस्ता फार काळ उघडा राहिला नाही.

अमृतसरकडचे भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांचे नागरिकत्व सरकारने आव्हानात टाकले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांची बाजू मांडणारे होते सखाराम गणेश पंडित. नाव आपल्या कानाला ओळखीचे वाटते. युक्तिवाद विद्वत्तेचा होता. तेव्हाच्या शास्त्राप्रमाणे उत्तर भारतीय हे ‘कॉकेशियन’, भाषा आर्य, म्हणून ते गोरे. त्याला जोड दिली होती ती जातीची. उच्चवर्णीय हिंदू इथल्या मूलनिवासी लोकांकडे लग्नाच्या बाबतीत तसेच पाहतो, जसे अमेरिकी गोरा काळ्याकडे पाहतो. म्हणून त्याचे रक्त शुद्ध आहे, असा मुद्दा मांडला गेला. हे वाचताना मला संकोच वाटला. दारातून आत जाण्यासाठी आपण कोणाला बाहेर ठेवतो, हेच त्यांनी ओळखपत्र म्हणून पुढे केले होते.

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी एकमताने निकाल विरोधात गेला. न्यायमूर्ती सदरलँड यांनी लिहिले की शास्त्र काहीही म्हणो, ‘गोरा’ या शब्दाचा अर्थ सामान्य माणूस जो समजतो तोच धरायचा. गंमत अशी की तीनच महिन्यांपूर्वी ताकाओ ओझावा या जपानी अर्जदाराला नाकारताना याच न्यायालयाने गोरा म्हणजे कॉकेशियन असे सांगितले होते. कातडी गोरी असलेल्या जपान्यासाठी शास्त्र वापरले आणि शास्त्राने कॉकेशियन ठरलेल्या भारतीयासाठी लोकसमजूत.

पण या निकालातला माझ्या विषयाचा भाग वेगळाच आहे. सामान्य माणसाच्या लेखी गोरे कोण, हे सांगताना न्यायमूर्ती म्हणतात की मूळ वसाहतवाले वायव्य युरोपातले होते. नंतर पूर्व, दक्षिण आणि मध्य युरोपातून स्लाव्ह आले, आल्प्स आणि भूमध्य सागराकडचे काळ्या डोळ्यांचे, सावळे लोक आले आणि तेही निःसंशय आपल्याच नात्यातले म्हणून स्वीकारले गेले. म्हणजे अलाबामात सिसिलियन बाईच्या गोरेपणावर शंका घेतली गेली त्याच्या पुढच्याच वर्षी देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने सावळ्या इटालियनाला निःसंशय गोऱ्यांत बसवले. आणि बसवले ते थिंद यांना बाहेर काढण्यासाठी आखलेल्या रेषेच्या आतल्या बाजूला.

त्या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचे नागरिकत्व काढून घेतले गेले. सॅन फ्रान्सिस्कोतले व्यापारी वैष्णोदास बगाई त्यांतले एक. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली.

सामावून घेण्याची यंत्रणा

इटालियनांचा संशयाचा काळ मात्र अजून संपलेला नव्हता. १९२४ च्या स्थलांतर कायद्याने प्रत्येक देशाचा वाटा १८९० च्या जनगणनेवरून ठरवला. ते वर्ष मुद्दाम निवडलेले होते, कारण इटालियनांचा मोठा लोंढा त्यानंतर आला. १९२१ च्या कायद्याने इटलीला वर्षाला सुमारे ४२ हजार जागा होत्या. त्या ३,८४५ वर आल्या.

हा कायदा इटालियनांना अपमानित करण्यासाठी होता. परिणाम मात्र उलटा झाला. गावाकडून नवे लोक यायचे थांबले. बोटीतून उतरणारा, भाषा न येणारा, टोपलीत सामान घेतलेला ‘दक्षिण इटालियन’ रस्त्यावर दिसेनासा झाला. उरली ती इथे जन्मलेली, इथल्या शाळेत शिकलेली मुले. त्याच सुमारास दक्षिणेतले लाखो काळे मजूर उत्तरेच्या कारखान्यांच्या शहरांत येऊ लागले, आणि शिकागो, डेट्रॉइटमधल्या माणसांच्या मनातली मुख्य रेषा युरोपच्या उत्तर-दक्षिणेची राहिली नाही, काळ्या-गोऱ्याची झाली.

तरीही १९३३ साली वस्त्यांची उतरंड कशी होती याचा एक नमुना आहे. होमर हॉइट या अर्थतज्ज्ञाने शिकागोतल्या जमिनीच्या किमतींचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि कोणत्या गटाच्या शेजारामुळे किमतीवर काय परिणाम होतो याची, तिथल्या जमीन-दलालांच्या मताप्रमाणे, दहा पायऱ्यांची यादी दिली. पहिल्या पायरीवर इंग्रज, जर्मन, स्कॉच आणि आयरिश. ज्या आयरिशांना ऐंशी वर्षांपूर्वी माकडाच्या रूपात रेखाटत, ते तेव्हा वर पोहोचलेले होते. दुसरीवर उत्तर इटालियन. दक्षिण इटालियन आठवे. नववे काळे, दहावे मेक्सिकन. पुढच्याच वर्षी घरकर्जांना हमी देणारी सरकारी यंत्रणा उभी राहिली आणि हॉइट तिथे अर्थतज्ज्ञ म्हणून गेले.

ही यंत्रणा म्हणजे फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन. तोवर घर घ्यायचे तर साधारण निम्मी रक्कम आधी भरावी लागे आणि उरलेली थोड्या वर्षांत फेडावी लागे, कामगाराच्या आवाक्याबाहेरचे. आता सरकारच्या हमीमुळे बँका थोड्या रकमेवर वीस-पंचवीस वर्षांचे कर्ज देऊ लागल्या. पण हमी देण्याच्या नियमपुस्तकात अट होती की वस्तीत न जुळणारे वांशिक गट एकत्र येता कामा नयेत. प्रत्यक्षात या अटीची धार काळ्यांवर पडली. आठव्या पायरीवरचा इटालियन जुनी वस्ती सोडून नव्या उपनगरात गेला की तिथे तो नुसता ‘गोरा’ होई. नवव्या पायरीवरच्या माणसाला मात्र जुनी वस्ती सोडताच येत नव्हती. आठ आणि नऊ यांमधले एका पायरीचे अंतर सरकारी कर्जाने दरीएवढे झाले.

युद्धाने हे काम पुरे केले. अमेरिका युद्धात उतरल्यावर नागरिक नसलेल्या सुमारे सहा लाख इटालियनांना ‘शत्रूराष्ट्राचे परके’ ठरवले गेले आणि काही शे जणांना नजरकैद झाली. पण १२ ऑक्टोबर १९४२ रोजी, म्हणजे मुद्दाम कोलंबस दिन निवडून, हा शिक्का काढल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडले होते. त्यांतले दोन-तृतीयांश तिथेच जन्मलेले नागरिक होते. परका इटालियन दहा महिन्यांत मोकळा झाला. नागरिक जपानी मात्र छावणीतच राहिला.

युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ च्या कायद्याने शिक्षणाचा खर्च आणि घरकर्जाची हमी दिली. कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता, पण कर्ज देणारी बँक स्थानिक होती. मिसिसिपीतल्या तेरा शहरांची १९४७ साली पाहणी झाली तेव्हा अशा ३,२२९ कर्जांपैकी दोन काळ्यांना मिळालेली आढळली. न्यूयॉर्कजवळच्या लेविटाउन या प्रचंड वसाहतीच्या सुरुवातीच्या भाडेकरारात लिहिलेले होते की घरात कॉकेशियन वंशाखेरीज कोणी राहू नये; घरगड्यांना मात्र मुभा. ज्या लेविट कुटुंबाने ही वसाहत बांधली ते ज्यू होते. त्यांचीही ‘हिब्रू’ अशी वेगळी वांशिक नोंद स्थलांतर खात्याने अर्धे शतक चालवली होती.

शास्त्रानेही याच वर्षांत जागा बदलली. नाझींमुळे युरोपियनांचे नॉर्डिक, अल्पाइन, भूमध्य असे वंश पाडणे बदनाम झाले. त्याऐवजी तीन मोठे वंश सांगणारी सोपी मांडणी शाळांपर्यंत गेली आणि सगळे युरोपियन एका ‘कॉकेशियन’ खणात पडले. पाडलेल्या भिंती फक्त त्या खणाच्या आतल्या होत्या. बाहेरची भिंत जागच्या जागी होती.

यावरून काय दिसते

मिसळण्याची शेवटची कसोटी लग्नाची. हे आपल्याला परक्यांकडून शिकावे लागत नाही. इटालियनांच्या बोटी न्यूयॉर्कला लागत होत्या त्याच काळात, ९ मे १९१६ रोजी, त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठाच्या चर्चासत्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपला निबंध वाचला आणि सजातीय विवाह हेच जातीचे मर्म आहे असे मांडले. ही कसोटी लावली तर इटालियनांची सीमा विरघळलेली दिसते. युद्धानंतर जन्मलेल्या पिढीतल्या बहुसंख्यांनी आपल्या गटाबाहेर लग्ने केली. इटालियनपण उरले ते आडनावात, सणाच्या जेवणात आणि आजीच्या आठवणीत. काळ्या-गोऱ्यांच्या लग्नावरची बंदी मात्र अनेक राज्यांत १९६७ पर्यंत कायद्याने टिकून होती.

इटालियन कुटुंबांत एक गोष्ट सांगितली जाते आणि ती खोटी नाही : आजोबा उपाशीपोटी आले, शिव्या खाल्ल्या, खाणीत आणि रस्त्यांवर राबले आणि कोणाचे उपकार न घेता वर आले. कष्ट खरे, शिव्याही खऱ्या. ‘उपकार न घेता’ हे मात्र बरोबर नाही. नागरिकत्वाचा कागद, मत, कर्जाची हमी, उपनगरातले घर या साऱ्या पायऱ्या सरकारने बांधल्या होत्या आणि त्यांवर चढण्याचा परवाना पहिल्या दिवसापासून त्या ‘रंग’ रकान्यात होता. तेवढेच कष्ट करणाऱ्या दुसऱ्या माणसाकडे तो नव्हता. म्हणून ‘ते वर आले, मग हे का नाही?’ हा प्रश्न विचारणाऱ्याने आधी दोघांचे कागद शेजारी ठेवून पाहावेत.

आणि आपला कागद? अमेरिकेच्या जनगणनेत १९२० ते १९४० या तीन खेपांना भारतीयांसाठी ‘हिंदू’ नावाचा वंश होता. त्यात थिंद यांच्यासारखे शीख आले आणि मुसलमानही आले. १९४६ साली नागरिकत्वाचे दार उघडले आणि भारताला वर्षाला शंभर जागा मिळाल्या. १९७० च्या जनगणनेत भारतीयांना ‘गोरे’ म्हणून मोजले गेले. थिंद यांनी जे मागितले ते सत्तेचाळीस वर्षांनी काही न मागता मिळाले. पण तोवर नागरी हक्कांचे कायदे झाले होते, अल्पसंख्य म्हणून संरक्षण मिळू लागले होते आणि भारतीयांच्या संघटनेने वेगळ्या नोंदीची मागणी केली. १९८० पासून ‘एशियन इंडियन’ हा रकाना आला.

न्यू जर्सीतल्या माझ्या भाच्याने मागच्या जनगणनेत त्याच रकान्यात खूण केली. फोनवर तो म्हणाला, “मामा, पर्याय स्पष्टच होता, विचार करायला लागलाच नाही.” मी त्याला सांगितले की त्याच्या जन्माच्या थोडेच आधी त्याच देशाने त्याच्यासारख्याला गोऱ्यांत धरले होते, आणि त्याच्या आजोबांच्या तरुणपणी ‘हिंदू’ वंशात. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, “आणि यांतल्या प्रत्येक वेळी काय मिळत होतं आणि काय नाही?” एवढे वाचून मी ज्या प्रश्नापाशी पोहोचलो, तो त्याने एका वाक्यात विचारला होता.